गाण्यातून गळा वेगळा काढताना

भाचीला एका जुन्या धाटणीच्या गाण्याचा ट्रॅक हवा होता. गाणं ४ मिनिटं १२ सेकंदांचं, मूळ पट्टी काळी चार, तिला हवी काळी तीन. तयार ट्रॅक कुठे मिळेना, तेव्हा मूळ गाण्यातूनच गायिकेचा आवाज काढून टाकायचा ठरलं. सॉफ्टवेअरनं काम केलं, मी फाइल पाठवली आणि अर्ध्या तासात तिचा फोन आला, "मामा, बाई गेल्यात, पण त्यांचं भूत राहिलंय. आणि व्हायोलिन कुठे गेलं?"

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. त्या का आल्या आणि पुढे काय केलं, तेच इथे क्रमानं सांगतो. तुम्हाला रियाजासाठी ट्रॅक हवा असो किंवा रीमिक्ससाठी नुसता आवाज, सुरुवात एकच असते, वाटा नंतर फुटतात.

आधी हे काम काय आहे ते

पूर्ण झालेलं गाणं म्हणजे डाव्या आणि उजव्या कानासाठीचे दोन प्रवाह, बस. स्टुडिओत आवाज, ठेका, बास, व्हायोलिन वेगवेगळ्या ट्रॅकवर होतं, पण मिक्स झाल्यावर ते सगळं एकमेकांत मिसळलं. दुधात साखर विरघळल्यावर ती चिमटीनं उचलता येत नाही, तसंच हे. सॉफ्टवेअर आवाज 'उचलत' नाही. एवढ्या मिश्रणात आवाजाचा वाटा किती असावा, याचा ते दर क्षणी अंदाज बांधतं.

पूर्वी यासाठी एक युक्ती वापरत. मुख्य आवाज बहुधा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. डाव्यातून उजवा वजा केला की मधलं सगळं जातं. पण त्याबरोबर बास जातो, ठेक्याचा मुख्य ठोका जातो, आणि आवाजाचा दोन्ही बाजूंना पसरलेला घुमारा मात्र मागे राहतो. आजची सॉफ्टवेअर वेगळ्या रीतीनं चालतात. हजारो वेळा 'हे मिश्रण, हा त्यातला सुटा आवाज' अशा जोड्या दाखवून त्यांना शिकवलेलं असतं. २०१९ मध्ये डीझर या ऑनलाइन संगीत सेवेनं स्प्लीटर हे सॉफ्टवेअर मोफत खुलं केलं आणि हे काम घरच्या संगणकावर आलं. मेटाच्या संशोधकांचं डीमक्स त्याच्या पुढचं, आणि मी तेच वापरतो.

या शिकवणीतच पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ आहे. या क्षेत्रात शिकवणीसाठी सर्वाधिक वापरला जाणारा संच म्युझडीबी१८, त्यात १५० गाणी, मुख्यतः पाश्चात्त्य पॉप आणि रॉक. त्यातले कप्पे चार: ड्रम्स, बास, आवाज आणि 'इतर'. सॉफ्टवेअरला कप्पे एवढेच ठाऊक. तुमच्या गाण्यात सारंगी असो की ढोलक, त्याला ती या चारांपैकी कुठल्या तरी कप्प्यात बसवावीच लागते.

फाइल निवडताना

इथे घाई करू नका, कारण या पायरीवर गेलेलं नंतर परत येत नाही. सीडीवरून काढलेली किंवा विकत घेतलेली वेव्ह किंवा फ्लॅक फाइल असेल तर उत्तम. एमपी३ असेल तर जास्त बिटरेटची, आणि एकदाच दाबलेली. एमपी३ बनवताना कानाला फारसं जाणवणार नाही असं बरंच काही फेकून दिलेलं असतं. मिश्रण ऐकताना ते जाणवत नाही, पण आवाज सुटा केला की झाकणारी वाद्यं निघून जातात आणि फेकलेल्या भागाची भोकं उघडी पडतात. एमपी३ची वेव्ह करून घेतल्यानं फाइल मोठी होते, आवाज सुधारत नाही.

शंका असेल तर फाइल ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादकात उघडा आणि ट्रॅकच्या नावावरच्या मेनूतून `Spectrogram` निवडा. चांगल्या फाइलमध्ये वरचा रंग २० हजार हर्ट्झच्या आसपास पोहोचतो. १६ हजारांवर सुरीनं कापल्यासारखी आडवी रेघ दिसली, तर फाइल कुठेतरी कमी दर्जाला दाबली गेली आहे, मग तिचं नाव काहीही असो. अपवाद जुन्या ध्वनिमुद्रणांचा. तिथे वरचे सूर मुळातच कमी असतात, पण ते हळूहळू विरत जातात, कापल्यासारखे थांबत नाहीत.

आणखी एक. गाणं फार जोरात मास्टर केलेलं असेल, म्हणजे लाटा वरच्या रेघेला चिकटून पट्ट्यासारख्या दिसत असतील, तर आधी सगळ्या फाइलची पातळी ३ डेसिबलनं खाली आणा. कारण पुढे वजाबाकीपाशी येईल.

प्रत्यक्ष वेगळं करणं

ज्यांना कमांड टाइप करायचा कंटाळा आहे त्यांनी अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. त्यात बटणं आहेत, आत डीमक्सही आहे आणि अशी शिकवून तयार केलेली इतर मॉडेलंही. पूर्ण गाण्यावर वेळ घालवण्याआधी फक्त ३० सेकंदांवर चाचणी घेणारा `Sample Mode` त्यात मिळतो. दोन-तीन मॉडेलं ताडून पाहायला तो फार सोयीचा. ऑनलाइन सेवाही आहेत. त्या झटपट काम करतात, पण गाणं दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातं आणि बऱ्याच ठिकाणी परत एमपी३च मिळते. पुढची वजाबाकी एमपी३वर नीट होत नाही, म्हणून मी त्या वापरत नाही.

डीमक्ससाठी संगणकावर पायथॉन आणि एफएफएमपेग हवं. नंतर टर्मिनलमध्ये एवढंच:

```
python3 -m pip install -U demucs torchcodec
demucs --two-stems=vocals gane.wav
```

पहिल्यांदा चालवताना मॉडेल डाउनलोड होतं, म्हणून थोडा उशीर लागतो. काम संपलं की `separated/htdemucs/gane` या फोल्डरमध्ये दोन फाइली दिसतील. `vocals.wav` मध्ये आवाज, `no_vocals.wav` मध्ये आवाज सोडून बाकी सगळं.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावर गाण्याच्या लांबीच्या साधारण दीडपट वेळ धरावा. आमच्या ४ मिनिटं १२ सेकंदांना सहा-सव्वासहा मिनिटं. याच मॉडेलची जास्त घोटलेली आवृत्ती `-n htdemucs_ft` लिहून मिळते, तिला सुमारे चौपट वेळ, म्हणजे पंचवीस मिनिटं. फरक असतो, पण थोडा. मी आधी साधी आवृत्ती चालवून ऐकतो, गाणं सोपं आहे की नाठाळ ते कळतं, आणि मग चहा ठेवून दुसरी लावतो.

`--shifts` असा आणखी एक पर्याय आहे. त्यात गाणं थोडं थोडं पुढे-मागे सरकवून अनेकदा मोजलं जातं आणि सरासरी घेतली जाते. दहा वेळा सरकवायला दहापट वेळ लागतो आणि सुधारणा नखाएवढी. नवख्यानं तिकडे जाऊ नये.

ऐकायचं कसं

बहुतेकजण इथे फसतात. दोन्ही फाइली एकत्र लावल्या की गाणं मुळासारखंच ऐकू येतं, कारण एकीतून गळलेलं दुसरीत असतं. म्हणून प्रत्येक फाइल एकटी, हेडफोन लावून ऐका. आणि सबंध गाणं लक्ष न देता ऐकण्यापेक्षा चार जागांवर कान ठेवा.

पहिली जागा म्हणजे म्युझिक पीस, जिथे कोणी गात नाही. तिथे आवाजाची फाइल पूर्ण शांत हवी. जे काही ऐकू येतं ते चुकून शिरलेलं. आमच्या गाण्यात मुखडा आणि पहिल्या अंतऱ्याच्या मध्ये, १ मिनिट ५२ सेकंदांपासून २ मिनिटं ६ सेकंदांपर्यंत, व्हायोलिनचा एकल तुकडा होता. तो जवळजवळ अख्खा `vocals.wav` मध्ये जाऊन बसला होता! सॉफ्टवेअरचं फारसं चुकलं असंही नाही. एका वेळी एकच सूर, सुरातून सुरात मींड, हलकं कंपन, पल्लाही बाईच्या आवाजाचाच. ही सगळी गळ्याची लक्षणं. सारंगी, बासरी, गायकाच्या मागे मागे चालणारी हार्मोनियम यांचीही हीच गत होते. पियानो किंवा तार छेडून वाजणारी वाद्यं सहसा असं करत नाहीत, कारण त्यांचा सूर ठोक्यानं सुरू होऊन विरत जातो.

दुसरी जागा 'स', 'श', 'छ' असलेले शब्द. ही व्यंजनं म्हणजे सूर नसलेली वरच्या पट्ट्यातली फुसफुस, आणि झांजेचा किंवा हाय-हॅटचा आवाजही तसाच असतो. दोन्ही एकाच क्षणी आले की सॉफ्टवेअरला वाटणी जमत नाही. मग आवाजाच्या फाइलमध्ये 'साजण'चा 'स' बोथट होतो, 'थाजण'कडे झुकतो, आणि दुसऱ्या फाइलमध्ये ठेक्यासोबत एक निराधार 'स्स' उरतो.

तिसरी जागा ओळीचा शेवट. लांब ठेवलेला सूर थांबतो आणि घुमारा उरतो. हा घुमारा कोणाचा, गळ्याचा की वाद्यांचा? सॉफ्टवेअर सुरुवातीला तो आवाजात ठेवतं, आणि जसजसा तो मंद होतो तसा मध्येच सोडून देतं. आवाजाच्या फाइलमध्ये शेपूट तुटल्यासारखं वाटतं, आणि राहिलेलं शेपूट वाद्यांच्या फाइलमध्ये तरंगत राहतं. भाचीला भेटलेलं भूत हेच. १ मिनिट ३८ सेकंदांवर मुखड्याची शेवटची ओळ संपते, तिथे ते सर्वांत स्पष्ट होतं, कारण तिथे वाद्यंही थांबलेली होती आणि झाकायला काही नव्हतं.

चौथी जागा कोरस. सॉफ्टवेअरच्या लेखी आवाज म्हणजे माणसाचा कुठलाही आवाज. मुख्य गायिका, मागचा कोरस, 'हो हो'ची साद, सगळं एकाच कप्प्यात. त्यामुळे युगुलगीतातून फक्त गायकाला काढून गायिकेला ठेवा, असं हे मॉडेल करू शकत नाही. मुख्य आवाज आणि कोरस वेगळे करायचा दावा करणारी मॉडेलं व्होकल रिमूव्हरमध्ये मिळतात. कोरस दोन बाजूंना पसरलेला असेल तर ती कधी कधी बऱ्यापैकी चालतात, पण दोघं एकत्र एकच ओळ गात असतील तर आशा सोडलेली बरी.

या सगळ्याशिवाय एक सरसकट खूण आहे. आवाज पाण्याखालून आल्यासारखा, कडांना किणकिणणारा वाटतो. आवाजाचा आणि वाद्याचा सूर एकाच वारंवारतेवर एकमेकांवर बसले की तिथला वाटा क्षणाक्षणाला कमी-जास्त धरला जातो, आणि त्या चढउताराचीच ती किणकिण असते. गर्दीच्या संगीतात ती जास्त, एका गिटारवरच्या गाण्यात जवळजवळ नाही.

आकड्यांबद्दल थोडं

मॉडेलांच्या तुलनेत एसडीआर नावाचा डेसिबलमधला आकडा दिसेल. हवा तो आवाज आणि त्यातली चूक यांचं ते गुणोत्तर. डीमक्सच्या चौथ्या आवृत्तीला म्युझडीबीवर चारही कप्प्यांची सरासरी ९ डेसिबलच्या आसपास मिळते. ९ डेसिबल म्हणजे चुकीची ऊर्जा हव्या त्या आवाजाच्या सुमारे एक अष्टमांश. ऐकायला बरं वाटतं, पण ही सरासरी आहे, आणि तीही त्या संचातल्या गाण्यांवरची. चूक गाणंभर सारखी पसरत नाही. ती ओळींच्या टोकांना आणि म्युझिक पीसमध्ये साचते. दोन मॉडेलांत अर्ध्या डेसिबलचा फरक असेल तर आकडा बाजूला ठेवा आणि आपल्याच गाण्याचे ३० सेकंद दोन्हीकडून काढून ऐका.

वाद्यांची फाइल स्वतः वजाबाकीनं करणं

डीमक्सनं दिलेली `no_vocals.wav` ही बाकीच्या तीन कप्प्यांची बेरीज असते, आणि प्रत्येक कप्पा स्वतंत्र अंदाज. त्यामुळे कधी कधी एखादी गोष्ट आवाजातही जात नाही आणि बाकीच्या कुठल्याही कप्प्यातही नीट येत नाही. ती हरवते. पैंजणांसारखे बारीक नाद मी असे हरवलेले पाहिले आहेत.

उपाय सोपा आहे. मूळ गाण्यातून आवाजाची फाइल वजा करायची, उरेल ते सगळं वाद्यांचं. ऑडॅसिटीत मूळ गाणं आणि `vocals.wav` एकाखाली एक आणा. दोन्ही अगदी शून्यापासून सुरू व्हायला हव्यात. आवाजाचा ट्रॅक निवडून त्यावर `Invert` हा इफेक्ट लावा, त्यानं लाट उलटी होते. दोन्ही ट्रॅक निवडून `Mix and Render to New Track` द्या. तिसरा ट्रॅक तयार होईल, त्यात मूळ गाण्यातलं आवाज सोडून एकूण एक सगळं असेल.

हे जमायला दोन अटी. फाइली वेव्ह हव्यात, कारण एमपी३ करताना सुरुवातीला क्षणाच्या अंशाएवढी शांतता जोडली जाते, लाटा एकमेकींवर नीट बसत नाहीत आणि आवाज जाण्याऐवजी विस्कटतो. दुसरी अट पातळीची. एखादा कप्पा कमाल पातळीच्या वर जाणार असेल तर डीमक्स तेवढ्या कप्प्याची पातळी आपणहून खाली आणतं. असं झालं की आवाज मुळात होता त्यापेक्षा हळू मिळतो आणि पूर्ण वजा होत नाही, सगळ्या गाण्यात मागे सारखाच कुजबुजत राहतो. सुरुवातीला ३ डेसिबल खाली आणायला सांगितलं ते यासाठी. आणि वजाबाकीतही ती खाली आणलेलीच फाइल वापरायची, आधीची नव्हे. माझ्याकडून ही चूक एकदा झाली आहे, आणि मी तासभर मॉडेलला दोष देत बसलो होतो.

वजाबाकीचा तोटाही सांगतो. आवाजाच्या फाइलमध्ये जे चुकून शिरलं ते या ट्रॅकमधून गेलंच, म्हणजे आमचं व्हायोलिन इथेही गायबच. आणि घुमाऱ्याचं भूत इथेही आहेच.

रियाजाचा ट्रॅक: आवाज सगळा घालवू नका

व्हायोलिनचा प्रश्न सोडवायला सॉफ्टवेअर लागत नाही. म्युझिक पीसमध्ये कोणी गातच नाही, मग तिथे वेगळं केलेली फाइल हवी कशाला? तिथे सरळ मूळ गाणं वापरायचं. १ मिनिट ५२ ते २ मिनिटं ६ सेकंद हा तुकडा मूळ गाण्यातून घेऊन वाद्यांच्या ट्रॅकवर त्याच जागी बसवला. जोडाच्या दोन्ही टोकांना ४०-५० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा वर येतो आणि टिक ऐकू येत नाही. सुरुवातीचं संगीत, मधले दोन पीस आणि शेवट असं सगळं मुळातून घेतल्यावर ४ मिनिटं १२ सेकंदांतला जवळजवळ दीड मिनिट अस्सल झाला. जोड घालताना एवढंच पाहायचं की मागच्या ओळीचा घुमारा पूर्ण विरलेला असावा. नाहीतर पीसच्या तोंडाशी गायिकेची शेपटी अचानक प्रकट होते. आमच्याकडे त्यासाठी जोड ओळ संपल्यावर लगेच न घालता पुढच्या समेवर नेला. समेच्या ठोक्याखाली जोड लपतोही चांगला.

राहिलं भूत. ते घालवायचा प्रयत्न जितका जास्त तितकं ते भुतासारखं वाटतं, म्हणून मी उलटं करतो. आवाजाची फाइल वाद्यांसोबत परत लावतो, पण १४ डेसिबल खाली. आता मूळ गायिका मागे लांबून पुसट गाताना ऐकू येते, पण नीट गाताना. तुटकी शेपटं जोडली जातात, बोथट 'स' ताळ्यावर येतात, किणकिण झाकली जाते. शिकणाऱ्याला तर ही मदतच, सूर चुकला की लगेच कळतं. भाचीनं आठवडाभर १४ डेसिबलवर रियाज केला, मग मी २० वर नेलं. त्याहून खाली नेलं की भूत परततं, असं निदान या गाण्यात दिसलं.

पट्टी सगळ्यात शेवटी बदला. वेगळं करण्याआधी नाही. ऑडॅसिटीतल्या `Change Pitch` मध्ये उणे दोन अर्धस्वर, म्हणजे काळी चारची काळी तीन. एक-दोन अर्धस्वरांपर्यंत ट्रॅक बरा राहतो, चारवर ठेका रबरी वाटू लागतो. पाश्चात्त्य गाण्यांसाठी एक सल्ला सर्रास दिला जातो, की ड्रम्सचा कप्पा तसाच ठेवून बाकीच्यांचीच पट्टी बदला, म्हणजे ठोके टणक राहतात. तबला असेल तर तो सल्ला विसरा. दायाँ षड्जात मिळवलेला असतो. त्याला काळी चारमध्ये ठेवून गाणं काळी तीनमध्ये नेलं तर पहिल्याच 'ना'ला कान टवकारतील. शिवाय तबल्याचा काही भाग ड्रम्समध्ये, बायाँची घुमक बासमध्ये आणि उरलेला 'इतर'मध्ये अशी त्याची वाटणी झालेली असते. तिथे सगळं एकत्रच खाली आणायचं.

रीमिक्ससाठी नुसता आवाज

इथे मापं कडक होतात. रियाजाच्या ट्रॅकमध्ये दोष झाकायला गाणारा असतो. रीमिक्समध्ये आवाजच उघडा पडतो, आणि झाकायचं काम तुमच्या नव्या संगीताला करावं लागतं.

आवाजाची फाइल मिळाली की पहिलं काम कात्रीचं. ओळींच्या मधल्या जागा हातानं कापा आणि शांत करा. आपोआप बंद होणारं नॉइज गेट लावू नका, ते श्वास खातं आणि शेपटं आणखी तोडतं. श्वास ठेवा, श्वास गेला की गायिका यंत्र वाटते. मग ९०-१०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. स्त्रीच्या आवाजात तिथे काही नसतं, जे असतं ते बास आणि ठेक्याचं झिरपलेलं.

दुसरं, मोठ्या आणि हळू भागांतला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर जपून. मूळ गाण्यात आवाज आधीच दाबलेला आहे, आणि वर सगळ्या गाण्यावर मास्टरिंगचा दाबही बसलेला आहे. मोठ्या ठोक्याला लिमिटरनं गाणं क्षणभर खाली खेचलं असेल तर आवाजही त्या क्षणी खाली जातो, आणि ठोका काढून टाकला तरी ती डुबकी आवाजात राहते. तुमच्या रीमिक्सचा ठोका दुसरीकडे असेल तर आवाज विनाकारण उसासे टाकतोय असं वाटतं. त्यावर कॉम्प्रेसर लावला की हळू भाग वर येतात, आणि हळू भागातच सगळं झिरपलेलं लपलेलं असतं. वरचे सूर उजळवायला इक्वलायझर वर केला तरी तेच, आवाजाऐवजी किणकिण उजळते.

तिसरं म्हणजे लय. मूळ गाणं माणसांनी एकत्र वाजवलेलं असेल तर त्याची लय हलती असते. मुखड्यात मिनिटाला ९६ ठोके, अंतऱ्यात ९८ अशी. सबंध आवाज एकाच मापानं ताणू नका. ओळ ओळ वेगळी कापा आणि प्रत्येक ओळीचा पहिला ठाशीव शब्द नव्या ठोक्यावर आणून ठेवा. ताण कमी द्यावा लागतो, आणि या फाइलींना ताण सोसत नाही. नुसत्या स्टुडिओतल्या आवाजाला दहा टक्के ताणलं तर चालून जातं. वेगळ्या केलेल्या आवाजाची किणकिण पाच टक्क्यांवरच ठळक होऊ लागते.

झाकण घालताना झिरपलेलं काय आहे ते पाहून घाला. आवाजात हाय-हॅटचं चिवचिवणं राहिलं असेल तर नव्या मांडणीत त्याच पट्ट्यात भरगच्च काहीतरी ठेवा, खुळखुळा किंवा झांज, आणि ते त्याच लयीत असू द्या. शेपटं तुटली असतील तर आवाजाला थोडा लांब घुमारा द्या, तुटलेलं टोक त्यात बुडतं. सुरुवातीला फक्त आवाज आणि पियानो, अशी मांडणी मनात कितीही सुंदर वाटली तरी या फाइलवर ती करू नका. ती हवी असेल तर ज्या कलाकारांनी आपले सुटे आवाज परवान्यासह खुले ठेवले आहेत त्यांचे घ्या. सीसीमिक्सटर या संकेतस्थळावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे असे आवाज मिळतात आणि ते कोणी वेगळे केलेले नसून मुळातच सुटे असतात.

हक्काचं एका वाक्यात: आवाज वेगळा काढल्यानं तो तुमचा होत नाही, चाल-शब्दांचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क आधी ज्यांचे होते त्यांचेच राहतात, त्यामुळे घरच्या रियाजापलीकडे जाऊन रीमिक्स प्रसिद्ध करायचं तर परवानगी घ्यावी लागते.

कुठे थांबायचं

काही गाणी निघतच नाहीत, आणि ते पहिल्या चाचणीतच ओळखता येतं. एकाच मायक्रोफोनसमोर सगळ्यांनी मिळून केलेलं मोनो ध्वनिमुद्रण घ्या. तिथे डाव्या-उजव्याचा काही मागमूस नसतो, वाद्यांची आणि आवाजाची खोली एकच, घुमारा एकच. प्रेक्षकांच्या टाळ्या असलेल्या मैफलीत टाळ्या कधी ड्रम्समध्ये, कधी आवाजात जातात. आवाज मुद्दाम चिरका करून किंवा यंत्रातून काढून वापरला असेल तर मॉडेल त्याला वाद्य समजतं. अशा वेळी चार मॉडेलं पालथी घालण्यात अर्थ नसतो. तीस सेकंदांत दोन मॉडेलं ऐका, दोन्ही त्याच जागी अडखळत असतील तर दोष गाण्यातल्या माहितीचा आहे, मॉडेलचा नाही.

आमच्या गाण्यातही एक जागा अशीच निघाली. ३ मिनिटं २ सेकंदांपासून शेवटच्या मुखड्याला कोरस गायिकेत मिसळतो आणि व्हायोलिन दोघांच्याही वर तोच सूर धरतं. साध्या आवृत्तीनं, घोटलेल्या आवृत्तीनं आणि आणखी एका मॉडेलनं तिथे तीन वेगळे गोंधळ घातले. एकात कोरस अर्धा गेला, दुसऱ्यात व्हायोलिन थरथरत राहिलं, तिसऱ्यात दोन्ही. शेवटी तो भाग मी वेगळा केलाच नाही. तेवढे अठरा सेकंद मूळ गाणं तसंच ठेवलं, पट्टी खाली आणून, पातळी ४ डेसिबल कमी करून.

"म्हणजे इथे मी बाईंबरोबर गायचं?" तिनं विचारलं.

"कोरसबरोबर. तू मधली."

पुढच्या वेळी ऐकलं तेव्हा त्या अठरा सेकंदांत ती बाकी गाण्यापेक्षा मोकळी गात होती.